४४४ दिवसांची ठेव ७.५१ टक्के, पाच वर्षांची ७.९५ टक्के : मग जास्त कोणती?

तासगावचा बेदाणा

यंदाच्या बेदाण्याचे पैसे हातात आले असून त्यातील चार लाख रुपये वडिलांना मुदत ठेवीत ठेवायचे आहेत. साधारण पाच वर्षांनी जुनी द्राक्षबाग काढून नवी लावायची असल्यामुळे तोपर्यंत या रकमेला हात लावायचा नाही, असे घरात ठरले आहे. सांगलीतील एका सहकारी बँकेने दिलेल्या पत्रकात दोन ठेवी अशा छापल्या आहेत.

पहिली ४४४ दिवसांची : व्याजदर ७.२५ टक्के, एक लाखाचे मुदतीअंती १,०९,१३६ रुपये, वार्षिक परतावा ७.५१ टक्के.

दुसरी ५ वर्षांची : व्याजदर ६.७५ टक्के, एक लाखाचे मुदतीअंती १,३९,७५० रुपये, वार्षिक परतावा ७.९५ टक्के.

दोन्ही ठेवींत व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते. व्याजदराच्या रकान्यात पहिली ठेव वरचढ दिसते आणि परताव्याच्या रकान्यात दुसरी. वडील परताव्याचा रकाना पाहून पाच वर्षांच्या बाजूने झुकले आहेत. एकाच कागदावर दोन रकाने उलट का बोलतात, हे कोणी समजावून सांगेल काय?

मिरजवासी

यात अवघड काही नाही. परताव्याचा रकाना हाताने झाकावा आणि व्याजदर पाहावा. ७.२५ हा आकडा ६.७५ पेक्षा मोठा आहे, म्हणून ४४४ दिवसांची ठेव चांगली. मी वीस वर्षे याच रीतीने ठेवी ठेवत आलो आहे.

जमाखर्च

मी सांगलीत सहकारी बँकेच्या ठेव विभागात नोकरी केली आणि अशी पत्रके स्वतः तयार केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मिरजवासी यांचे उत्तर या दोन ठेवींपुरते बरोबर आहे, परंतु ते बरोबर येण्याचे कारण त्यांनी सांगितलेले नाही. दोन्हीकडे व्याज तिमाहीलाच मुद्दलात जाते, त्यामुळे नुसते दर ताडून पाहिले तरी क्रम चुकत नाही. एका ठिकाणी तिमाही आणि दुसऱ्या ठिकाणी वार्षिक चक्रवाढ असेल, किंवा दर न सांगता केवळ ‘इतक्याचे इतके’ असे सांगितले असेल, तर ही रीत कामाला येत नाही.

आता परताव्याच्या रकान्याविषयी. तो आकडा खोटा नाही, पण तो भागाकार आहे. पाच वर्षांत लाखावर ३९,७५० रुपये व्याज झाले, त्याला पाचाने भागले की ७,९५० येतात आणि तेच ७.९५ टक्के म्हणून छापले जातात. या ३९,७५० मध्ये व्याजावरचे व्याजही आहे, आणि ते बहुतेक शेवटच्या वर्षांत जमा होते. वर्षवार पाहिल्यास लाखाची वाढ पहिल्या वर्षी ६,९२३, दुसऱ्या वर्षी ७,४०२, तिसऱ्या वर्षी ७,९१४, चौथ्या वर्षी ८,४६३ आणि पाचव्या वर्षी ९,०४८ रुपये अशी होते. पहिली तीनही वर्षे ७,९५० चा आकडा गाठला जात नाही. प्रत्येक वर्षाची वाढ त्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकेशी ताडून पाहिली, तर पाचही वर्षे एकच दर निघतो, आणि तो ६.९२ टक्के आहे.

भागाकाराचा हा आकडा मुदतीबरोबर आपोआप फुगतो. याच दराने हीच ठेव दहा वर्षे ठेवली असे धरले, तर लाखाचे सुमारे १,९५,३०० होतील आणि ‘वार्षिक परतावा’ ९.५३ टक्के छापता येईल. पंधरा वर्षे धरली तर तो साडेअकराच्या घरात जाईल. बँक तीच, दर तोच, वाढली फक्त वर्षे. म्हणून वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवी या रकान्यावरून ताडणे म्हणजे एकाची मापे पायलीत आणि दुसऱ्याची किलोत घेऊन भाव ठरवण्यासारखे आहे.

दोन्ही ठेवी एका मापावर आणण्यासाठी एकच प्रश्न विचारावा : वर्षातून एकदा चक्रवाढ होणारा कोणता दर धरला असता, तर इतक्याच दिवसांत मुद्दलाची इतकीच रक्कम झाली असती? मुदतीअंतीच्या रकमेला मुद्दलाने भागावे, जो गुणक येईल त्याचा ‘एक भागिले वर्षे’ इतका घात काढावा आणि त्यातून एक वजा करावा. मुदत दिवसांत असेल तर वर्षांऐवजी दिवस भागिले ३६५ घ्यावे. संगणकाच्या तक्त्यात ते असे लिहिता येते.

```
=(109136/100000)^(365/444)-1
=(139750/100000)^(1/5)-1
```

पहिल्याचे उत्तर ७.४५ टक्के आणि दुसऱ्याचे ६.९२ टक्के येते. पत्रकातील ७.५१ आणि ७.९५ यांच्या जागी हे दोन आकडे ठेवले की क्रम उलटतो.

विट्याच्या वहिनी

आमच्याकडे एका पतसंस्थेची दामदुप्पट ठेव आहे, मुदत आठ वर्षे. ठेव घेताना कर्मचाऱ्याने ‘साडेबारा टक्के पडतात’ असे सांगितले होते, आणि शंभराचे आठ वर्षांत दोनशे म्हणजे वर्षाला साडेबारा, हे आम्हालाही पटले होते. जमाखर्च यांच्या रीतीने ते किती होतात?

जमाखर्च

वहिनी, आपल्या ठेवीत गुणक दोन आणि वर्षे आठ आहेत. दोनचा ‘एक भागिले आठ’ घात १.०९०५ येतो, म्हणजे वर्षाला ९.०५ टक्के. यंत्र हाताशी नसेल तर बहात्तरला वर्षांनी भागावे : बहात्तर भागिले आठ म्हणजे नऊ. ही तोंडी रीत फक्त दामदुप्पटीला चालते, परंतु तिथे ती फारशी चुकत नाही.

९.०५ हा दर वरील दोन्ही ठेवींपेक्षा जास्त आहे, हे खरे. मात्र बँकेतील ठेवीला जो ठेव विमा असतो, तो पतसंस्थेच्या ठेवीला लागू नाही, आणि या दरातील काही भाग त्या जोखमीचा मोबदला आहे असे समजावे. किती भाग, हे गणिताने सांगता येणार नाही.

माहुलीकर

मूळ प्रश्न डाकघराच्या ठेवीविषयी आहे असे समजून लिहितो. मी जुलै २०२३ मध्ये साताऱ्याच्या डाकघरात पाच वर्षांची मुदत ठेव ठेवली, रक्कम दोन लाख, दर ७.५ टक्के, आणि व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने असे सांगितले होते. येथील रीतीने पाच वर्षांनी २,८९,९९० रुपये व्हायला हवेत आणि वार्षिक दर ७.७१ टक्के निघतो. प्रत्यक्षात माझ्या बचत खात्यात दर वर्षी सुमारे १५,४०० रुपये जमा होतात आणि मुद्दल दोन लाखच राहते. मग ७.७१ हा आकडा खरा की खोटा?

जमाखर्च

माहुलीकर, मूळ प्रश्न बँकेच्या ठेवींचा आहे, परंतु आपण आणलेला मुद्दा याच विषयातला आहे आणि पुष्कळ जण तिथेच फसतात.

डाकघराच्या मुदत ठेवीत व्याजाची आकारणी तिमाही होते आणि ते दिले जाते वर्षातून एकदा. वर्षाच्या आत चक्रवाढ होते, म्हणून लाखाला ७,५०० ऐवजी ७,७१३ च्या आसपास व्याज मिळते आणि त्या अर्थाने ७.७१ बरोबर आहे. परंतु दिलेले व्याज पुन्हा मुद्दलात जात नाही, आणि आपण ते काढले नाही तरी त्यावर वेगळे व्याज मिळत नाही. त्यामुळे पाच वर्षांचा आपला खरा दर त्या १५,४०० रुपयांचे आपण काय करता यावर ठरतो. ते चार टक्क्यांच्या बचत खात्यात तसेच पडू दिले, तर पाचव्या वर्षअखेर व्याज आणि त्यावरचे व्याज मिळून सुमारे ८३,५०० होतील. दोन लाखांचे २,८३,५०० झाले असे धरून हिशेब केल्यास वार्षिक दर ७.२३ टक्के निघतो.

बँकेच्या पत्रकातील ठेवी मात्र व्याज आतच ठेवणाऱ्या आहेत, म्हणून तिथे मुद्दल आणि मुदतीअंतीची रक्कम या दोन टोकांवरून दर काढता येतो. मधे पैसे बाहेर पडत असतील तर त्या दोन टोकांवर विसंबू नये.

माहुलीकर

समजले. व्याज बचत खात्यातच पडून आहे, त्यामुळे ७.२३ हाच माझा आकडा समजायचा. ठेव ठेवताना हे कोणी सांगितले नव्हते, आणि खरे म्हणजे मीही विचारले नव्हते.

तासगावचा बेदाणा

सर्वांचे आभार. काल रात्री मी स्वतः हिशेब करून पाहिला आणि दोन ठिकाणी अडकलो.

पहिल्यांदा मी मोबाइलच्या गणकयंत्रावर १.०९१३६ चा घात काढण्यासाठी ३६५ भागिले ४४४ असे सलग दाबले. उत्तर इतके मोठे आले की पडद्यावर मावेना. दुसऱ्यांदा मी ४४४ दिवस म्हणजे सुमारे पंधरा महिने असे धरून बारा भागिले पंधरा हा घात घेतला. तेव्हा उत्तर ७.२४ टक्के आले. पत्रकातील दर ७.२५ असल्यामुळे मला वाटले की हेच बरोबर आहे आणि चक्रवाढीचा फायदा बँक प्रत्यक्षात देतच नाही.

जमाखर्च

पहिली चूक कंसाची आहे. कंस न टाकल्यास यंत्र आधी ३६५ वा घात काढते आणि मग त्याला ४४४ ने भागते. ‘३६५ भागिले ४४४’ हा भाग कंसात घालावा, किंवा तो आधी वेगळा काढून ०.८२२०७ हा आकडा घात म्हणून द्यावा. उत्तर अवाढव्य आले की चूक लगेच कळते, म्हणून तिची मला चिंता वाटत नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तिचे उत्तर खरे वाटते. ४४४ दिवस म्हणजे चौदा महिने आणि साधारण अठरा दिवस. पंधरा महिने धरताच आपण बँकेला बारा दिवस फुकट दिले आणि ७.४५ चे ७.२४ झाले. ते ७.२५ च्या जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे. पाच वर्षांच्या ठेवीत बारा दिवसांनी फार फरक पडत नाही, पण सव्वा वर्षाच्या ठेवीत पडतो. मुदत जितकी लहान, तितके दिवस नेमके मोजावेत.

पडताळा घ्यायचा असेल तर उलट बाजूने यावे. ७.२५ ला चाराने भागल्यावर तिमाहीचा दर १.८१२५ टक्के येतो. चार तिमाह्यांत लाखाचे १,०७,४५० होतात. तिमाही चक्रवाढीचा वार्षिक दर ७.४५ इथेच दिसतो. उरलेल्या ७९ दिवसांना बँक बहुधा सरळव्याज लावते, ते १,६८६ रुपये होते, आणि बेरीज १,०९,१३६ येते. पत्रकातील आकड्याशी ती जुळते, याचा अर्थ बँक चक्रवाढ देते आहे.

मिरजवासी

इतकी आकडेमोड करून शेवटी मी पहिल्या दिवशी सांगितलेलेच उत्तर निघाले. ४४४ दिवसांची ठेव घ्यावी आणि मोकळे व्हावे.

जमाखर्च

मिरजवासी, मोकळे होता येणार नाही, कारण बागेला पैसे पाच वर्षांनी लागणार आहेत आणि ही ठेव सव्वा वर्षात हातात येणार आहे. ७.४५ हा दर ४४४ दिवसांपुरता आहे. त्यानंतरच्या सुमारे १,३८२ दिवसांविषयी तो काहीच सांगत नाही, आणि ६.९२ हा दर मात्र पूर्ण पाच वर्षांची हमी देतो. एका मापावर आणल्यामुळे दरांची तुलना झाली, कालावधीची झाली नाही.

उरलेल्या काळासाठी किमान किती दर मिळायला हवा, हे काढता येते. पाच वर्षांच्या ठेवीचे १,३९,७५० आणि ४४४ दिवसांच्या ठेवीचे १,०९,१३६, यांचा भागाकार १.२८०५ येतो. तेवढी वाढ १,३८२ दिवसांत व्हायची असेल, तर

```
=(139750/109136)^(365/1382)-1
```

याचे उत्तर ६.७५ टक्के येते. हा वार्षिक चक्रवाढीचा दर आहे, पत्रकातील पाच वर्षांच्या ६.७५ शी त्याचा संबंध नाही, आकडे योगायोगाने सारखे आले आहेत. बँकेच्या भाषेत, म्हणजे तिमाही चक्रवाढीच्या छापील दरात, तो सुमारे ६.५९ टक्के होतो. थोडक्यात प्रश्न असा उरतो : सव्वा वर्षानंतर पावणेचार वर्षांसाठी छापील ६.५९ टक्के किंवा अधिक दर मिळेल काय? मिळाला तर आज ४४४ दिवसांची ठेव घेणे फायद्याचे ठरेल, न मिळाल्यास पाच वर्षांची.

विट्याच्या वहिनी

दर तर उतरत चालले आहेत असे ऐकले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत आणला. मग सव्वा वर्षानंतर ६.५९ मिळेलच असे कशावरून? बँकसुद्धा लहान मुदतीला जास्त आणि मोठ्या मुदतीला कमी दर देते, त्या अर्थी तिलाही पुढे दर उतरतील असे वाटत असणार.

जमाखर्च

आपला तर्क पटण्यासारखा आहे, परंतु पूर्ण नाही. लहान मुदतीला दर जास्त ठेवण्यामागे बँकेची तात्पुरती पैशाची गरजही असू शकते, आणि ४४४ दिवसांसारख्या विशेष ठेवींत ती अनेकदा असते. पुढचे दर मला सांगता येणार नाहीत. चुकल्यास किती नुकसान होईल, एवढे मात्र मोजता येते. नूतनीकरणाच्या वेळी छापील दर ६.२५ टक्के मिळाला, तर पाच वर्षांअखेर लाखाचे सुमारे १,३८,००० होतील, म्हणजे चार लाखांवर जवळपास ६,९०० रुपये कमी पडतील. ७ टक्के मिळाला तर लाखाचे सुमारे १,४१,९०० होतील आणि चार लाखांवर ८,७०० रुपये जास्त मिळतील. सारी चुरस या पंधरा हजारांच्या पट्ट्यात आहे.

मिरजवासी

माझा मुद्दा अजूनही तसाच आहे. पाच वर्षांची ठेव घेऊन मधेच दर वाढले तर माणूस अडकतो.

जमाखर्च

पूर्णपणे अडकत नाही, ठेव मोडता येते. परंतु मोडताना जितके दिवस ठेव राहिली, तितक्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातूनही बहुधा एक टक्का कापतात. त्यामुळे ‘मोठी मुदत घेऊ, वाटल्यास मोडू’ हा विचार करण्यापूर्वी बँकेकडे कपातीचा नियम विचारून घ्यावा आणि कपात होऊन हाती येणाऱ्या रकमेवरून वरचाच हिशेब पुन्हा करून पाहावा.

आणखी एक गोष्ट, जी दराच्या हिशेबात येत नाही. बँकेतील ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपये आहे आणि तीत व्याजही धरले जाते. चार लाखांचे पाच वर्षांत सुमारे ५,५९,००० होतात. म्हणजे आज मर्यादेच्या आत असलेली ठेव शेवटच्या काळात मर्यादेबाहेर जाईल. ४४४ दिवसांच्या ठेवीत ती ४,३६,५४२ वर थांबते.

तासगावचा बेदाणा

विम्याची ही बाजू आमच्या ध्यानातच आली नव्हती. आज शाखेत जाऊन आलो. चार लाखांच्या पावतीवर मुदतीअंती ४,३६,५४२ रुपये छापले जातील, असे खिडकीवरच्या ताईंनी संगणकावर पाहून सांगितले. परताव्याचा रकाना कसा काढतात असे विचारल्यावर त्यांनी, तो मुख्य कार्यालयातून छापून येतो, एवढेच उत्तर दिले.

घरी वर्षवार वाढीचा तक्ता वडिलांना दाखवला. पहिल्या वर्षी लाखाला ६,९२३ च वाढतात हे पाहून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की ४४४ दिवसांनी पैसे हातात आले, तर ते बागेपर्यंत टिकणार नाहीत, आधी ट्रॅक्टरचा विषय निघेल. या म्हणण्याला माझ्याकडे सूत्र नाही. दोन लाख ४४४ दिवसांना आणि दोन लाख पाच वर्षांना ठेवावे, असे आईचे म्हणणे आहे. सव्वा वर्षानंतर पहिले दोन लाख दुसऱ्या बँकेत ठेवले, तर त्यात विम्याचा प्रश्न सुटतो, पण सव्वा वर्षानंतरच्या दराचा प्रश्न निम्म्या रकमेपुरता उरतोच.

मिरजवासी

ट्रॅक्टरचे व्याज किती टक्के पडेल तेही याच रीतीने काढून घ्या.